०.०५ काय?

दहावीचं नेहमीचं उदाहरण. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी आहे, तर भिंगाची शक्ती काढा. सूत्र एका ओळीचं : P = 1/f. पोरं एकला वीसनं भागतात, ०.०५ लिहितात, खाली दोन रेघा मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पेपर परत आला की तिथे लाल फुली असते. मग अकोटच्या कुठल्याही ट्यूशनमध्ये ऐकू येणारा सवाल : "सर, एकला वीसनं भागलं तं झिरो पॉइंट झिरो फाइवच येते ना? मंग मार्क कापले काहून?"

येते ना बाप्पा, भागाकारात काही खोट नाही. पण ०.०५ काय? भिंगाची शक्ती डायऑप्टरमध्ये सांगतात, आणि ज्या भिंगाचं नाभीय अंतर एक मीटर त्याची शक्ती एक डायऑप्टर. म्हणजे उत्तर डायऑप्टरमध्ये हवं असेल तर f मीटरमध्येच घालायला हवा. २० सेंमी म्हणजे ०.२ मीटर. एकला ०.२ नं भागलं की ५. उत्तर, ५ डायऑप्टर.

यातली मजा अशी की ०.०५ हा आकडाही खोटा नाही. त्याच्यापुढे 'प्रति सेंमी' लिहिलं असतं तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं ते पूर्ण खरं ठरलं असतं, कारण ०.०५ प्रति सेंमी म्हणजेच ५ प्रति मीटर. प्रश्नात डायऑप्टर मागितलं असेल तर गुण मिळण्याची हमी नाही, पण विधान खरं आहे. त्याच आकड्यापुढे 'डायऑप्टर' लिहिलं की ते विधान शंभर पटीनं खोटं होतं. पुढे काहीच लिहिलं नाही तर खरं-खोटं ठरवायला हातात काही राहतच नाही.

*

०.०५ डायऑप्टरचं भिंग खरंच असतं तर कसं असतं? त्याचं नाभीय अंतर २० मीटर असतं. खिडकीत धरलं तर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा पडायला कागद घेऊन घराबाहेर जावं लागलं असतं. हातात घेतलं तर ती साधी काचच वाटली असती. चष्म्याच्या दुकानात नंबर पाव-पावनं चढतो : ०.२५, ०.५०, ०.७५. ०.०५ चा नंबर कोणी लिहून देत नाही.

प्रयोगशाळेतलं २० सेंमीचं भिंग मात्र मधोमध चांगलं फुगीर असतं आणि त्याची प्रतिमा वीतभर अंतरावर स्पष्ट पडते. ज्या पोरानं ते एकदा हातात धरलं आहे, त्याला ०.०५ लिहिताना थांबायला जागा होती. पण पेपरात भिंग नसतं, नुसता '२०' असतो आणि त्याला चिकटलेलं 'सेंमी' वाचण्याआधीच हात भागाकाराला लागतो.

*

एकाच प्रश्नाच्या तीन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवू.

पहिल्या पोरीनं ०.२ मीटर करून घेतलं, भागलं आणि शेवटी नुसतं '५' लिहिलं. दुसऱ्यानं '०.०५ D' लिहिलं. तिसऱ्यानं नुसतं '०.०५'.

तपासणाऱ्यासमोर नमुना उत्तर असतं आणि गुण पायऱ्यांवर वाटलेले असतात. विभागणी प्रश्नागणिक बदलते, पण दोन गुणांच्या उदाहरणाचा सर्वसाधारण रिवाज असा : सूत्राला अर्धा, किमती घालण्याला अर्धा, आणि एककासह उत्तराला एक. पहिल्या पोरीचा फार तर अर्धा गुण जाईल, कारण तिच्या मांडणीत ०.२ मीटर दिसतं आहे. फक्त शेवटची ओळ अपुरी राहिली. दुसऱ्याला सूत्राचा अर्धा मिळेल आणि बहुतेक तिथंच थांबेल. D लिहिल्यामुळे तो वाचत नाही, उलट अडकतो, कारण किमती घालतानाच सेंमी आत शिरले. तिसऱ्याचंही तेच. त्यानं एकक विसरून आपली चूक झाकली असं त्याला वाटत असेल, तर वरच्या ओळीतला २० ती उघडी करतो.

'युनिट नाही लिहिलं म्हणून कापलं' असं पोरं सरसकट म्हणतात, पण दुखणी दोन आहेत. एकक गळणं ही शेवटच्या ओळीतली उणीव आहे, तिची किंमत थोडी. एककं एकमेकांशी न जुळणं ही मधल्या ओळीतली चूक आहे, आणि तिच्यापुढची सगळी आकडेमोड, कितीही बिनचूक असो, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर देत जाते.

एका गुणाच्या प्रश्नात हा फरकही उरत नाही. तिथे पायऱ्या नसतात, त्यामुळे अर्धं मागायलाही तोंड नसतं.

*

एकक न लिहिण्याची सवय येते कुठून? मला वाटतं, रोजच्या बोलण्यातून, आणि तिथे ती चूक नाहीच.

मे महिन्यात आमच्याकडे एकाच घरात एकाच दिवशी 'आज पंचेचाळीस होतं' आणि 'पोराले एकशे दोन हाये' ही दोन्ही वाक्यं बोलली जातात. पहिलं सेल्सिअस, दुसरं फॅरनहाइट. घोळ कोणाचाच होत नाही. जूनमध्ये 'रात्री पन्नास पडला' म्हटलं की ते मिलिमीटर. बाजार समितीत कापसाचा भाव नुसत्या हजारात सांगतात. तो क्विंटलचा हे न सांगता कळतं. जिनिंगमध्ये गेलं की त्याच कापसाच्या रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी ३५६ किलोची. बांधलेली गाठ १७० किलोची. तिथल्या मुनिमाला हे विचारायचीही गरज पडत नाही.

पण तोच हिशेब बाहेरच्या माणसाच्या हाती द्या. समजा दहा क्विंटल कापसातून ३४० किलो रुई निघाली आणि रुईचा भाव ५४,००० रुपये खंडी आहे. नवखा माणूस ३४० किलोचे ३.४ क्विंटल करील, ५४,०००नं गुणील आणि १,८३,६०० रुपये मांडील. गुणाकार चोख. पण भाव खंडीचा आणि वजन क्विंटलचं. ३४० ला आधी ३५६नं भागायला हवं होतं. खरी किंमत ५१,५७३ रुपयांच्या आसपास. मुनीम नवख्याचा आकडा बघताक्षणी हसेल, कारण दहा क्विंटल कापसाला एवढे पैसे कधीच येत नाहीत हे त्याला ठाऊक आहे.

बोर्डाचा पेपर तपासणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. आपल्या मनात सेंमी होते की मीटर, हे त्याला कळायला कागदाशिवाय दुसरा मार्ग नाही. ओळखीच्या माणसांत न बोललेलं एकक चालतं, कारण दोघांच्या डोक्यात ते एकच असतं. अनोळखी माणसाला ते लिहूनच द्यावं लागतं.

*

एकक न लिहिणं जिथे बरोबर आणि लिहिणं चूक, अशाही जागा आहेत. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. दोन वेगांचं गुणोत्तर आहे ते. वर मीटर प्रति सेकंद, खाली मीटर प्रति सेकंद, दोन्ही कटले. विकृती, सापेक्ष घनता, विशालन यांचंही असंच. सगळीकडे काहीतरी लिहायचंच अशी धास्ती बसलेली पोरं अपवर्तनांकापुढेही 'मी/से' लिहून येतात. एकक पाठ करून शेवटी चिकटवलं की असं होतं. आकड्यांबरोबर एककंही गुणत-भागत आणली असती तर ती आपोआप कटलेली दिसली असती.

*

बारावीच्या बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. या लॉगटेबलमुळे एककांची चूक छान लपते.

तांब्याच्या तारेचं उदाहरण घेऊ. लांबी १ मीटर, व्यास ०.४ मिमी, रोधकता १.७ गुणिले दहाचा उणे आठवा घात ओहम-मीटर. तारेचा रोध काढा. सूत्र R = ρL/A. व्यास मिलिमीटरमध्ये येतो, कारण स्क्रू गेज मिलिमीटरच दाखवतं. त्रिज्या ०.२ मिमी, क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मिमी. इथवर सगळे बरोबर असतात.

आता चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर. १ मिमी म्हणजे दहाचा उणे तिसरा घात मीटर, हे पाठ आहे, म्हणून पोरगा ०.१२५७ ला तेवढ्यानंच गुणतो. पण मिलिमीटरचा वर्ग झाला आहे, तर त्या घाताचाही वर्ग व्हायला हवा : उणे सहावा. बरोबर रस्त्यानं गेलं तर रोध ०.१३५ ओहम. चुकीच्या रस्त्यानं गेलं तर ०.०००१३५ ओहम.

दोन्हीकडे १३५ आहे. लॉगटेबलमधून मँटिसा तोच निघतो, फरक फक्त कॅरॅक्टरिस्टिकमध्ये पडतो. शेजारच्याशी उत्तर ताडून पाहिलं तर 'एक तीन पाच' दोघांचंही जुळतं आणि हजारपटीचा फरक पोराला 'पॉइंट थोडासा इकडेतिकडे झाला' असा वाटतो. घरी येऊन तो सांगतो की आकडा बरोबर होता, आणि त्याच्या परीनं तो खरंच बोलत असतो.

यावर धरायची सवय एकच. वर्ग किंवा घन करायच्या आधी लांबी मीटरमध्ये आणायची, नंतर नाही. त्रिज्या ०.२ मिमी असं लिहिल्याबरोबर शेजारी मीटर लिहून टाकले, की वर्ग करताना घाताचाही वर्ग आपोआप होतो. क्षेत्रफळ झाल्यावर एकक बदलायला गेलं की वर्ग लक्षात ठेवावा लागतो, आणि परीक्षेत लक्षात ठेवायच्या गोष्टी आधीच पुष्कळ असतात.

*

तापमान हा निराळाच प्रकार. इथे दहाचे घात नाहीत, म्हणून आकडेही जुळत नाहीत, आणि चूक शोधायला पोरं गुणाकार तपासत बसतात.

सकाळी २७ अंश सेल्सिअसला गाडीच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. दुपारी आतली हवा ४७ अंशांवर गेली. टायर फुगला नाही असं धरलं तर दाब किती? पोरगा म्हणतो, दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो; म्हणून ३० गुणिले ४७ भागिले २७, म्हणजे सुमारे ५२ पीएसआय. हे खरं असतं तर अकोला रोडला मे महिन्यात दर फर्लांगावर टायर फुटले असते.

सेल्सिअसचा शून्य म्हणजे बर्फ वितळण्याची जागा. तिथे वायूचा दाब शून्य होत नाही. प्रमाणाचा नियम केल्विनमध्येच चालतो : ३०० केल्विन आणि ३२० केल्विन. शिवाय पंक्चरवाल्याचा गेज बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच दाखवतो. म्हणून ३० मध्ये वातावरणाचे १४.७ आधी मिळवायचे, ४४.७ ला ३२० भागिले ३०० नं गुणायचं, ४७.७ येतील, आणि पुन्हा १४.७ वजा करायचे. गेजवर ३३ दिसेल. इथे एककाच्या नावाबरोबर त्याचा शून्य कुठे आहे हेही बघावं लागलं, दाबाच्या बाबतीतही आणि तापमानाच्या बाबतीतही.

हे एकदा शिकवलं की पुढच्या आठवड्यात उलट चूक येते. दोन किलो पाणी २५ वरून ४५ अंशांपर्यंत तापवायला किती उष्णता लागेल? तापमानातला फरक २० अंश. केल्विनचा धडा ताजा असलेला पोरगा या फरकातही २७३ मिळवतो आणि २९३ घेतो. फरक काढताना शून्य कुठे आहे यानं काही बिघडत नाही. २० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे २० केल्विनचाच फरक. बरोबर उत्तर १,६७,२०० जूल. त्याचं येतं साडेचोवीस लाखांच्या घरात. तेच पाणी २५ पासून उकळीपर्यंत न्यायला सव्वासहा लाख जूल पुरतात, तर कोमट करायला चोवीस लाख कसे लागतील? हा प्रश्न स्वतःला विचारायला अर्धं मिनिट लागतं.

*

मोठ्या माणसांचं असं होत नाही, असं नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा पौंडांकडून किलोकडे वळत होता आणि कंपनीच्या ताफ्यात हे विमान किलोवर चालणाऱ्यांपैकी अगदी पहिलं होतं. त्या दिवशी इंधनाचं मीटर बंद होतं, म्हणून टाकीत काठी घालून माप घेतलं.

प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. काठीवरून टाकीत ७,६८२ लिटर निघाले. लिटरचं वजन करायला गुणक लागतो. हिशेबात घेतला गेला १.७७. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केले, ८,७०३ उरले. त्याला पुन्हा १.७७ नं भागलं, ४,९१६ लिटर आले, आणि तेवढे भरले. यातली एकेक पायरी लॉगटेबल घेऊन तपासा, सगळं बरोबर आहे.

पण १.७७ हे एक लिटर इंधनाचं पौंडातलं वजन. किलोत ते ०.८०३ येतं. टाकीत मुळात १३,५९७ किलो नव्हतेच, ६,१६९ किलो होते. भरायला हवे होते वीस हजार लिटरहून थोडे जास्त, भरले पाच हजारांहून कमी. ओटावाला पुन्हा माप झालं आणि पुन्हा तोच १.७७ वापरला गेला, त्यामुळे दुसऱ्या तपासणीनंही पहिलीलाच मान डोलावली. ४१,००० फुटांवर उडताना इंधन संपत आलं आणि एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांनी विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ माणसं होती आणि सगळी वाचली.

कागदावर १.७७ च्या पुढे 'पौंड प्रति लिटर' एवढं लिहून ते प्रत्येक पायरीत पुढे नेलं असतं, तर पहिल्याच गुणाकाराशी पौंड आले असते आणि २२,३०० किलोंतून पौंड वजा होत नाहीत हे समोर दिसलं असतं.

*

वस्तुनिष्ठ परीक्षांमध्ये अर्ध्या गुणाचा प्रश्नच मिटला. सीईटी असो की नीट, पर्यायांमध्ये एककं छापलेलीच असतात; गळायला काही नाही. पण म्हणून सोपं झालं असं नाही. पर्याय बनवणारा माणूस आधी स्वतः विचार करतो की पोरं कुठे चुकतील, आणि त्या चुकीचं उत्तर तिथे मांडून ठेवतो. वरच्या भिंगाला ५ डायऑप्टरबरोबर ०.०५ डायऑप्टर हा पर्याय हमखास असणार. आपलं उत्तर पर्यायात सापडलं याचा दिलासा तिथे कामाचा नाही.

जेईईत रिकामी जागा भरायची असते तिथे जागेच्या पुढे एकक दिलेलं असतं. प्रश्न सेंमीत उत्तर मागतो, पोरगा मीटर काढून तोच आकडा टाकतो. मशीनला त्याची मांडणी दिसत नाही.

*

आता उलट बाजूही नोंदवायला हवी. एककं जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला अर्धा विसरला तरी एकक जूलच येतं. बलाचं आघूर्ण आणि कार्य, दोन्हीकडे न्यूटन गुणिले मीटर. एकाच्या जागी दुसरं काढून ठेवलं तर एकक ब्र काढत नाही.

सगळ्यात फसवा रेडियन. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५. कोनीय वेग काढायला त्याला 2π नं गुणावं लागतं : ३१.४ रेडियन प्रति सेकंद. पण रेडियन म्हणजे लांबीला लांबीनं भागलेलं, त्याला मिती नाही. त्यामुळे ५ लिहिले काय आणि ३१.४ लिहिले काय, मितीच्या दृष्टीनं दोन्ही 'प्रति सेकंद'. इथे चूक पकडायला एककाचा उपयोग नाही. 'फेरे' हा शब्द मांडणीत लिहून ठेवला तरच तो आठवण करून देतो.

*

पेपर परत मिळाला, किंवा बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणली, की पोरं आधी आकडेमोड पुन्हा करत बसतात. तिथे काही सापडत नाही, कारण ती मुळातच बरोबर असते. त्याऐवजी आपलं उत्तर आणि नमुना उत्तर यांचा भागाकार करावा. जो आकडा येतो तो बहुतेक वेळा चुकीचं नाव सांगतो.

अकोला-अकोट बसचंच घ्या. वस्तुमान १० टन, वेग ताशी ३६ किमी. गतिज ऊर्जा काढा. टनाचे १०,००० किलो आणि वेग सेकंदाला १० मीटर करून घेतला की ½mv² मधून ५ लाख जूल येतात. वेग ३६ च ठेवला तर येतात ६४ लाख ८० हजार. भागाकार १२.९६. हा ३.६ चा वर्ग आहे, आणि ३.६ म्हणजे ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांच्यातला गुणक. वर्ग आला कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. उलट वेग बदलला पण टन तसेच ठेवले, तर येतात ५००. भागाकार हजारात एक. हे ५०० किलोजूल म्हणून खरे आहेत, जूल म्हणून खोटे.

तसंच इतरांचं. भागाकार दहाचा घात आला तर लांबी, क्षेत्रफळ किंवा वस्तुमानाचं रूपांतर पाहा. ६० किंवा ३,६०० आले तर मिनिटं, तास. ९.८ आला तर वस्तुमान आणि वजन यांची अदलाबदल. ४.१८ म्हणजे कॅलरी आणि जूल. ७४६ म्हणजे मोटरपंपाचे एचपी वॅटमध्ये आणायचे राहिले. ६.२८ म्हणजे फेरे आणि रेडियन, ५७.३ म्हणजे अंश आणि रेडियन. त्या कॅनडाच्या विमानात हवं होतं २२,३०० किलो आणि होतं सुमारे १०,११६; भागाकार २.२, म्हणजे पौंड आणि किलो.

तापमानाची चूक या यादीत बसत नाही, कारण ती गुणण्यातून येत नाही, मिळवण्यातून येते. तिथे २७३ कुठे घातले आणि कुठे नाही हेच बघावं लागतं. आणि भागाकार यातला कुठलाच नसेल, एककंही सगळ्या ओळींत जुळत असतील, तर मात्र लॉगटेबल काढून आकडेमोड तपासायला बसावं.